गाडी पुढे, चाकं मागे

जुन्या वेस्टर्न चित्रपटांत घोडागाडी धुरळा उडवत सुटते आणि तिची चाकं मात्र निवांतपणे उलटी फिरताना दिसतात. कारण सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं टिपतो, आणि दोन चित्रांच्या मधल्या वेळेत चाकाने काय केलं ते त्याला कळत नाही. एका चित्रात आरा जिथे होता, त्याच्या जरासा मागे पुढच्या चित्रात दुसरा आरा आलेला असतो. दोन्ही आरे हुबेहूब सारखे असल्याने डोळा म्हणतो, तोच आरा मागे सरकला.

व्हिडिओ गेममधल्या गाडीला हा आजार चित्रपटापेक्षा जास्त जडतो. चित्रपटाच्या कॅमेऱ्याचं शटर दर चित्राला साधारण सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उघडं असतं. तेवढ्या वेळात चाक फिरतं, आरे पुसट होतात आणि डोळ्याला गतीचा अंदाज येतो. गेममध्ये संगणक चित्र काढतो ते एका क्षणाचं. शटर उघडं राहणं वगैरे काही नाही, त्यामुळे ताशी ९० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचेही आरे सुरीने कापल्यासारखे स्पष्ट. ही स्पष्टताच घात करते.

एका चाकाचा हिशोब मांडून पाहू. साधी हॅचबॅक गाडी, टायरसकट चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर, म्हणजे परीघ साधारण १.९५ मीटर. अलॉय व्हीलला पाच आरे. दोन आऱ्यांमधलं अंतर ७२ अंश. एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये जाताना चाक ३६ अंशांपेक्षा, म्हणजे आऱ्यांमधल्या अंतराच्या निम्म्यापेक्षा कमी फिरलं, तर डोळा ते पुढे गेलं असं बरोबर ओळखतो. निम्मं ओलांडलं की मागचा आरा जास्त जवळचा वाटायला लागतो. स्क्रीनवर सेकंदाला ६० फ्रेम येत असतील तर ही हद्द सेकंदाला सहा फेऱ्यांवर येते, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर. ताशी ६० ला चाक दर फ्रेमला साधारण ५१ अंश फिरतं, पण दिसतं २१ अंश मागे गेल्यासारखं. ताशी ८४ ला ते बरोबर ७२ अंश फिरतं आणि चाक चक्क थांबलेलं दिसतं. जुन्या मोबाईलवर गेम ३० फ्रेमने चालत असेल तर हे सगळे वेग निम्मे होतात. म्हणजे शहरातल्या गल्लीत, ताशी २१ ला, चाकं उलटी.

इथे गणित चुकलेलं नाही. गाडीचं फिजिक्स ठीक आहे, वेग ठीक आहे, कोन ठीक आहे. तरीही चित्र खोटं दिसतं. गेममध्ये गाडीचं चाक मुळात दोन ठिकाणी असतं: एक फिजिक्स इंजिनच्या हिशोबातलं, ज्याला रूप नाही, आणि दुसरं पडद्यावरचं, ज्याला वजन नाही. पहिल्याकडून दुसऱ्याकडे काय जसंच्या तसं न्यायचं आणि काय मुद्दाम बदलून न्यायचं, हे ठरवणं म्हणजेच चाकांचं ॲनिमेशन.

पण बदल करायच्या आधी खात्री हवी, की चाक उलटं फक्त दिसतंय, खरंच उलटं फिरत नाहीये. त्यासाठी सोपी चाचणी आहे. पाचपैकी एका आऱ्याला भडक लाल रंग द्यायचा. आता चाकावर एकच वेगळी खूण आहे, म्हणजे तिच्यापुरतं अंतर ७२ ऐवजी ३६० अंश झालं आणि फसगतीची हद्द पाचपटीने वर, ताशी २१० वर गेली. गाडी ताशी ६० ने चालवायची आणि लाल आऱ्यावर नजर ठेवायची. आरे मागे जाताहेत आणि लाल रंग पुढे, तर तो दृष्टिभ्रम. लाल रंगही मागे जात असेल, तर दोष कोडमध्ये आहे आणि बाकीचे उपाय करून काही उपयोग नाही.

कोडमधले हे दोष बहुतेक तीन ठिकाणी सापडतात. सगळ्यात सर्रास म्हणजे उजवीकडची आणि डावीकडची चाकं एकमेकांच्या विरुद्ध फिरणं. मॉडेल करणारा एकच चाक घडवतो आणि दुसऱ्या बाजूला तेच १८० अंश फिरवून बसवतो, कारण अलॉयची देखणी बाजू बाहेर हवी. फिरवल्यावर त्या चाकाचा आसही उलटा झाला. आता ‘आसाभोवती दहा अंश पुढे’ सांगितलं की एका बाजूचं चाक पुढे जातं, दुसऱ्या बाजूचं मागे. काही जण यावर उजव्या चाकांसाठी उणे चिन्ह लावून मोकळे होतात. मग कोणी नवं मॉडेल आणून टाकलं की पुन्हा सगळं उलटंपालटं. बरा मार्ग असा, की फिरण्याचं काम एका रिकाम्या मधल्या सांध्याकडे द्यायचं, ज्याचा आस चारही चाकांना सारखा असेल, आणि चाकाचं मॉडेल त्याच्या खाली हवं तसं वळवून ठेवायचं.

दुसरा दोष जास्त लपलेला आहे. दोन कोनांच्या मधली अवस्था काढताना संगणकाला जवळचा रस्ता आवडतो. आधीचा कोन दहा अंश, नंतरचा दोनशे दहा, म्हणजे चाक दोनशे अंश पुढे गेलं. पण जवळचा रस्ता एकशे साठ अंश मागचा आहे, आणि मधली चित्रं त्याच रस्त्याने काढली जातात. आपल्या स्वतःच्या गाडीत हे क्वचित घडतं. युनिटी या गेम इंजिनमध्ये फिजिक्स सेकंदाला ५० वेळा चालतं, तेव्हा एका टप्प्यात अर्धी फेरी व्हायला ताशी १७५ चा वेग लागतो. ऑनलाइन शर्यतीत मात्र समोरच्या खेळाडूच्या गाडीची माहिती समजा सेकंदाला दहाच वेळा येते. तिथे ही हद्द ताशी ३५ वर घसरते. आपल्या गाडीची चाकं नीट आणि शेजारून जाणाऱ्या गाडीचीच उलटी, असं दिसलं की संशय इथेच घ्यायचा. उपाय सरळ आहे: चाकाचा कोन पाठवायचाच नाही. गाडीचा वेग पाठवायचा आणि चाक ज्याने त्याने आपापल्या यंत्रावर फिरवायचं. चाकाची नेमकी कुठली बाजू वर आहे, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नसतं.

तिसरा दोष वेग कुठून घ्यायचा याचा. फिजिक्स इंजिन चाकाच्या फेऱ्या स्वतंत्र सांगतं. युनिटीत `WheelCollider.rpm` असं त्याचं नाव. हा आकडा इंजिनची ताकद, ब्रेक आणि टायरची पकड यांच्या ओढाताणीतून येतो. ताशी ६० ला तो स्थिर असतो. गाडी जवळजवळ उभी असताना मात्र घोळ होतो, कारण टायर किती घसरतोय हे काढताना चाकाच्या आणि जमिनीच्या वेगातल्या फरकाला गाडीच्या वेगाने भागतात. भाजक शून्याजवळ गेला की उत्तर कुठेही उडी मारतं. सिग्नलला थांबलेल्या गाडीची चाकं पुढे-मागे थरथरताना दिसली, तर रोग हा.

म्हणून पायाभूत वेग जमिनीवरून घ्यावा. टायर जिथे रस्त्याला टेकतो त्या बिंदूचा वेग काढायचा, त्यातला चाकाच्या रोखाने जाणारा भागच ठेवायचा आणि त्रिज्येने भागायचं. सगळ्या गाडीचा एकच वेग घेऊन भागत नाही, कारण वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा लांबचा रस्ता कापतं. बिंदूचा वेग घेतला की हा फरक आपोआप येतो. या वेगाचं चिन्ह पुसू नये, हेही महत्त्वाचं. ‘चाकं कधीच उलटी दिसू नयेत’ असं ऐकल्यावर काही जण वेगाचं फक्त मूल्य घेतात आणि उणे चिन्ह काढून टाकतात. मग रिव्हर्स गिअरमध्येही चाकं पुढे फिरतात, आणि हा विनोद मूळ दोषापेक्षा वाईट दिसतो.

जमिनीचा वेग तीन प्रसंगी बाजूला ठेवावा लागतो. हँडब्रेक ओढल्यावर मागची चाकं जागच्या जागी थांबली पाहिजेत; नाहीतर टायरमधून धूर निघतोय आणि चाक मजेत फिरतंय असं चित्र दिसतं. चिखलात किंवा जोरात सुटताना चाकं जागेवर भिरभिरतात, तेव्हा इंजिनकडून आलेल्या फेऱ्याच खऱ्या. आणि गाडी हवेत उडाली की टेकायला जमीनच नसते; तिथे शेवटचा वेग धरून ठेवायचा आणि हळूहळू कमी करायचा.

आता दृष्टिभ्रमाकडे. कोड ठीक आहे आणि लाल आरा पुढेच जातोय, तर उपाय दोन आणि ते एकत्रच करायचे. पहिला: दिसणारं चाक एका फ्रेममध्ये ठरावीक कोनापेक्षा जास्त फिरूच द्यायचं नाही. आऱ्यांमधल्या अंतराच्या निम्म्यावर हद्द आहे, पण डोळा त्याच्या आधीच गोंधळायला लागतो, म्हणून चाळीस टक्क्यांवर थांबलेलं बरं. पाच आऱ्यांना ते २८.८ अंश होतात. युनिटीत एवढ्या ओळींत काम होतं:

```csharp
Vector3 pv = body.GetPointVelocity(hit.point);
float v = Vector3.Dot(pv, wheelForward);
float step = v / radius * Mathf.Rad2Deg * Time.deltaTime;
float limit = 0.4f * 360f / spokes;
step = Mathf.Clamp(step, -limit, limit);
angle = Mathf.Repeat(angle + step, 360f);
spin.localRotation = Quaternion.Euler(angle, 0f, 0f);
```

मर्यादा फ्रेमला घातली आहे, सेकंदाला नाही, याकडे लक्ष द्यावं. भ्रम दोन फ्रेमच्या फरकातून जन्मतो. मोबाईल तापून फ्रेम ६० वरून ३० वर आल्या, तर सेकंदाला घातलेली मर्यादा नेमकी तेव्हाच कुचकामी ठरते.

एवढ्यावर थांबलं तर एक नवी अडचण उरते. ६० फ्रेमवर ताशी ३४ च्या पुढे चाकाचा दिसणारा वेग वाढणंच बंद होतं. ताशी ३४ आणि ताशी १२०, दोन्हीला चाक तितकंच फिरतं. गाडीखालून रस्ता सपासप मागे जातोय आणि चाक आरामात, हे डोळ्याला खटकतं. म्हणून दुसरा उपाय: वेग वाढेल तसे स्पष्ट आरे विरळ करत न्यायचे आणि त्यांच्या जागी पुसट तबकडी आणायची. रेसिंग गेममध्ये ही युक्ती फार जुनी आहे. चाकाचं समोरून चित्र घ्यायचं, ते केंद्राभोवती फिरवून पुसट करायचं आणि पातळ चकतीवर चिकटवायचं. खुबी पारदर्शकतेत आहे. मध्यापासून ठरावीक अंतरावर जेवढा भाग आऱ्यांनी व्यापलेला असतो, तेवढीच ती तबकडी तिथे अपारदर्शक असावी. मध्याजवळ आरे दाट, म्हणून तिथे ती गडद; रिमकडे विरळ, आणि तिथून मागची ब्रेक डिस्क अंधूक दिसत राहते. सरसकट राखाडी चकती लावली तर गाडीला स्टीलची ताटं बसवल्यासारखं वाटतं.

अदलाबदल कधी करायची, हेही किलोमीटरवर ठरवू नये. ते फ्रेमगणिक फिरलेल्या कोनावर ठरवावं. कोन आऱ्यांमधल्या अंतराच्या पाव भागावर, म्हणजे १८ अंशांवर आला की तबकडी उमटायला लागावी आणि २८.८ अंशांवर ती पूर्ण यावी. ६० फ्रेमवर हा पट्टा ताशी २१ ते ३४ असा येतो. इथे मर्यादा घालण्याआधीचा खरा कोन वापरायचा, आणि फ्रेमचा वेळ अर्ध्या सेकंदाची सरासरी काढून घ्यायचा. नाहीतर एखादी फ्रेम अडखळली की तबकडी लुकलुकते.

गेम इंजिनात हलत्या वस्तू पुसट करणारा ‘मोशन ब्लर’ आयता मिळतो, मग वेगळी तबकडी कशाला, असा प्रश्न येतो. तो ब्लर प्रत्येक ठिपका आधी कुठे होता आणि आता कुठे आहे, हे पाहून सरळ रेषेत पुसतो. चाकाचा ठिपका वर्तुळात फिरतो. थोड्या कोनाला हे खपून जातं, मोठ्या कोनाला आरे टायरच्या बाहेर फरफटल्यासारखे दिसतात. आणि चाकाने एका फ्रेममध्ये बरोबर पूर्ण फेरी घेतली, तर ठिपका जिथल्या तिथे. ब्लरच्या मते चाक हललंच नाही.

एक बारीक गोष्ट, जी गाड्यांचे शौकीन लगेच पकडतात. ब्रेकची डिस्क चाकाबरोबर फिरते, पण तिला चिमटा घेणारा कॅलिपर फिरत नाही. तो चाकाबरोबर वर-खाली होतो, स्टिअरिंगबरोबर वळतो, पण आसाभोवती गरगरत नाही. म्हणून चाकाचे सांधे एकात एक, ठरावीक क्रमाने हवेत: आधी सस्पेन्शनची वर-खाली हालचाल, मग वळणं, त्याला जोडलेला कॅलिपर, आणि सगळ्यात आत फिरणं.

सस्पेन्शनचं गणित वरवर पाहता सोपं आहे. शॉकअबसॉर्बर जिथे गाडीला जोडलाय तिथून खाली एक अदृश्य किरण सोडायचा आणि तो रस्त्याला किती अंतरावर लागतो ते मोजायचं. त्यातून चाकाची त्रिज्या वजा केली की चाकाचा मध्य कुठे ते कळलं. समजा सस्पेन्शन पूर्ण सैल असताना ३० सेंटिमीटर आहे आणि किरण ५० सेंटिमीटरवर लागला. ५० मधून ३१ गेले, उरले १९. म्हणजे स्प्रिंग ११ सेंटिमीटर दाबली गेली आहे, आणि चाकाचं मॉडेल १९ सेंटिमीटर खाली ठेवायचं.

अडचण किरणाच्या बारीकपणात आहे. रस्त्यावर ३० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच असा रबरी गतिरोधक घेऊ. ताशी ६० ला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. फिजिक्सच्या दोन टप्प्यांमध्ये, सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, ती ३३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे किरण एकदा गतिरोधकाच्या अलीकडे पडला आणि पुढच्या वेळी पलीकडे, असं होऊ शकतं. गाडी गतिरोधकावरून जाते आणि तिला त्याची गंधवार्ता नसते. चाक मात्र त्यातून आरपार गेलेलं दिसतं. किरणाऐवजी चाकाच्या आकाराचा गोळा खाली सोडला तर हे सुटतं. ३१ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक ५ सेंटिमीटर उंच कडेला सुमारे १७ सेंटिमीटर आधीच भिडतं आणि उतरतानाही तेवढंच उशिरा सुटतं. ३० चा गतिरोधक चाकाच्या दृष्टीने ६४ सेंटिमीटरचा झाला, म्हणजे फिजिक्सच्या किमान एका टप्प्यात तो हमखास सापडणार. शिवाय चाक एकदम ५ सेंटिमीटर उचलण्याऐवजी वळणदार चढतं.

खड्ड्याची गोष्ट उलटी. कड संपली की मोजलेलं अंतर एका फ्रेममध्ये १२ सेंटिमीटरने वाढतं आणि चाक टपकन खाली पडतं. इथे खाली जायचा वेग बांधून द्यावा. सेकंदाला दोन मीटर ठेवला तर १२ सेंटिमीटरला तीन-चार फ्रेम लागतात, आणि चाकाला वजन असल्यासारखं वाटतं. वर येताना मात्र अशी सवलत द्यायची नाही. रस्ता वर आला की चाक त्याच फ्रेममध्ये वर आलं पाहिजे, नाहीतर टायर डांबरात रुतलेला दिसतो. दोन्ही दिशांना सारखंच गुळगुळीत केलेली गाडी पाहिली की हे लगेच ओळखू येतं: चढावर टायरचा तळ रस्त्यात गायब असतो.

याहून चिवट दोष म्हणजे सरळ, गुळगुळीत रस्त्यावर चाकाची गाडीच्या तुलनेत होणारी बारीक थरथर. फिजिक्स सेकंदाला ५० वेळा, पडदा ६० वेळा. दर सहा फ्रेममध्ये एक अशी असते जिला फिजिक्सकडून नवीन काही मिळत नाही. गाडीच्या सांगाड्याची मधली स्थिती इंजिन हिशोबाने काढून देतं, पण चाक जर फिजिक्सच्या कच्च्या आकड्यावरून ठेवलं असेल तर सांगाडा पुढे सरकतो आणि चाक तिथेच राहतं. ही थरथर सेकंदाला बरोबर दहा वेळा येते. व्हिडिओ काढून संथ गतीने पाहिला तर मोजताही येते. सांगाडा आपल्या जागी आल्यानंतर, त्याच फ्रेममध्ये, त्याच जागेवरून चाकाची स्थिती काढली की ती थांबते. युनिटीत ही जागा `LateUpdate` मध्ये.

एवढं करूनही एक दार उघडं राहतं. खेळाडू आपली शर्यत ३० फ्रेमने रेकॉर्ड करून टाकतो. गेममध्ये फ्रेमला २८.८ अंश फिरणारं चाक त्या व्हिडिओत ५७.६ अंश फिरतं आणि १४ अंश मागे जाताना दिसतं. खेळणाऱ्याने पुढे काय करावं यावर गेमचा ताबा नाही, त्यामुळे कोनाची मर्यादा इथे निरुपयोगी आहे. पुसट तबकडी मात्र इथेही टिकते, कारण तिच्यावर मोजायला आरेच नसतात. म्हणून दोन उपायांपैकी एकच करायला वेळ असेल, तर मी तबकडी करेन.

आणि एखादं चाक अगदी खरंच उलटं फिरतं, त्याला फिरू द्यावं. घसरत गिरकी घेणारी गाडी ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये आला, तर आतल्या बाजूच्या चाकांखालची जमीन पुढच्या दिशेने सरकत असते, आणि पकड शिल्लक असेल तर ती चाकं मागे फिरतात. चाचणी करणारा हा दोष म्हणून नोंदवतो. लाल आरा दाखवून त्याला ते समजावता येतं, पटेलच असं नाही.